टीव्हीला वायरीचा हेडफोन: आवाज नेमका कुठून घ्यायचा?

घरात बाकीचे झोपलेले असताना टीव्ही एकट्याने ऐकता यावा, आणि बॅटचा आवाज चेंडू बॅटवर बसतानाच कानात यावा, एवढीच माझी मागणी आहे. ब्लूटूथने ती पूर्ण होत नाही हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. एसबीसी कोडेक, म्हणजे ब्लूटूथची आवाज दाबून पाठवण्याची साधी पद्धत, वापरली तर आवाज १५० ते २५० मिलिसेकंद मागे राहतो. आवाजाचे तुकडे पाडून, दाबून, हवेतून पाठवून आणि थोडा साठा करून मग वाजवायचे, यात तो वेळ जातो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या प्रसारणासाठीच्या शिफारशीनुसार आवाज साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला ते जाणवू लागतं, पण तोच आवाज पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच जाणवतो. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. माझी या वेळची सगळी खटपट त्याच्याभोवती आहे.

मी वायरीवर आलो तेव्हा दोन जागा समोर होत्या. एक टीव्हीच्या बाजूचं ३.५ मिमीचं हेडफोन सॉकेट. दुसरी सेट-टॉप बॉक्सच्या मागची लाल-पांढरी सॉकेटं, कारण बॉक्स माझ्या खुर्चीच्या जवळ आहे आणि वायर आखूड लागली असती. बॉक्सचं ते आउटपुट हेडफोन ओढण्यासाठी नसतं, म्हणून मध्ये छोटा हेडफोन अँप्लिफायर लावला. आवाज स्वच्छ आला, पण क्रिकेट बघताना काहीतरी खटकत होतं: बॅट चेंडूला लागायच्या आधीच ‘टक्’ ऐकू येत होतं.

कारण टीव्हीच्या आत आहे. एचडीएमआयने आलेलं चित्र टीव्ही लगेच दाखवत नाही. आकार वाढवणं, हालचाल गुळगुळीत करणं, रंग सुधारणं यासाठी तो काही फ्रेम हातात धरून ठेवतो. स्वतःच्या स्पीकरचा आवाजही तो तेवढाच थांबवतो, म्हणून एरवी आपल्याला पत्ता लागत नाही. बॉक्समधून थेट काढलेला आवाज मात्र कोणासाठी थांबत नाही.

हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा मोजलं. टीव्हीच्या सॉकेटला एक इअरफोन आणि बॉक्सच्या अँप्लिफायरला दुसरा लावला, दोघांचा एकेक बोंडा फोनच्या माइकजवळ धरला आणि सामना सुरू असताना रेकॉर्डिंग केलं. स्टंप माइकवरचा प्रत्येक ठोका दोनदा नोंदला गेला. ती फाइल ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून दोन ठोक्यांमधलं अंतर बघितलं, तर ते ८० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. टीव्हीचा गेम मोड, ज्यात चित्राची बरीचशी सुधारणा बंद राहते, चालू केल्यावर तेच २५ च्या जवळ आलं. या पद्धतीची मला आवडलेली गोष्ट ही की वाहिनीकडूनच आवाज-चित्रात फरक आला असेल तरी मोजमापात त्याचा गोंधळ होत नाही, कारण दोन्ही बाजूंना तोच ठोका आहे. तुमच्या टीव्हीवर आकडे वेगळे येतील, पण दिशा हीच राहील.

म्हणून माझा निर्णय पक्का आहे: आवाज टीव्हीच्या नंतर घ्यायचा, आधी नाही. वायर लांब लागली तरी चालेल. गेम मोड लावून बॉक्सवरून ऐकता येतं, पण मग चित्राची सुधारणा गमवावी लागते, आणि एका वायरीसाठी मी ते करणार नाही.

वायर लांब झाली की आवाज उशिरा येईल ही भीती बाळगू नका. ५ मीटर तांब्यातून जायला लागणारा वेळ इथे मोजण्यासारखाच नाही. प्रश्न असलाच तर रोधाचा. २८ गेजची बारीक तार मीटरला साधारण ०.२१ ओहम रोध दाखवते. ५ मीटर जाऊन परत यायचं म्हणजे २ ओहमच्या थोडं वर. ३२ ओहमच्या हेडफोनपुढे हा तोटा अर्ध्या डेसिबलच्या आसपास राहतो, कानाला कळणार नाही. एक्स्टेन्शनवर पैसे घालायचे तर चांगल्या पिनेवर घाला. मी काटकोनी पिन घेतली आणि वायर सोफ्याच्या पायाला एक वेढा देऊन पुढे नेली. कोणाचा पाय अडकला तर ओढ सोफ्यावर जाते. सॉकेट सहसा टीव्हीच्या बोर्डावरच झाळलेलं असतं, ते उखडलं तर दुरुस्ती महाग पडते.

आता एक खूण, जी सगळ्यांनी ओळखायला शिकावी. कॉमेंटेटर गायब होतो किंवा विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो, पण प्रेक्षकांचा गजर मात्र छान येतो. हेडफोन बिघडला असं वाटतं, पण तुटलेला असतो तो दोन्ही कानांचा सामाईक ग्राउंड. तो सुटला की डावी आणि उजवी बाजू एकमेकींतून वाहू लागतात आणि दोघींमधला फरकच तेवढा ऐकू येतो. कॉमेंटरी दोन्ही बाजूंना सारखीच असते, म्हणून ती वजा होते. पिन अर्धवट बसली असेल तर हे होतं. फोनचा माइकवाला, तीन काळ्या कड्यांचा इअरफोन काही सॉकेटांत नीट टेकत नाही, तेव्हाही होतं. पिन शेवटपर्यंत दाबा, तरी राहिलं तर दोन कड्यांच्या पिनेचा हेडफोन लावून बघा.

सॉकेटचीही आधी ओळख पटवा. बऱ्याच टीव्हींवर त्याच आकाराचं एक सॉकेट जुन्या उपकरणांच्या एव्ही इनपुटसाठी असतं, त्यातून काहीच ऐकू येणार नाही. हेडफोनचं सॉकेट मेन्यूत ‘फिक्स्ड’ आउटपुटवर ठेवलेलं असेल तर रिमोटने आवाज कमी होत नाही आणि सगळा जोर कानावर येतो. पिन आधी लावा, आवाज कमी होतोय हे तपासा, मगच हेडफोन डोक्यावर चढवा.

टीव्हीला हेडफोनचं सॉकेटच नसेल तर ऑप्टिकल आउटपुट आणि हेडफोनचं भोक असलेला छोटा डीएसी, म्हणजे डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करून देणारा डबा, हा रस्ता आहे. मेन्यूत डिजिटल आउटपुट `PCM` वर ठेवा. डॉल्बीवर राहिलं तर साधा डीएसी गप्प बसतो किंवा खरखरतो. आवाज कमी-जास्त करायचं बटण डीएसीवर असावं, कारण ऑप्टिकलमधून येणारा आवाज टीव्हीचा रिमोट बहुधा बदलू शकत नाही.

हेडफोनचं सॉकेट रिमोटमध्येच असण्याचाही एक प्रकार आहे, त्याचा अनुभव न्यू जर्सीत मावसबहिणीकडे घेतला. तिच्याकडे रोकू हा इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारा प्लेअर आहे. २०१३ च्या रोकू ३ पासून त्यांच्या काही रिमोटांच्या कडेला ३.५ मिमीचं सॉकेट आलं. पिन घातली की टीव्हीचा आवाज बंद, काढली की परत सुरू. हे ब्लूटूथ नाही. प्लेअर आणि रिमोट वायफाय डायरेक्टवर बोलतात. चित्र आणि आवाज दोन्ही प्लेअरच्याच हातात असल्यामुळे तो त्यांचा मेळ बसवू शकतो. तिच्याकडे ओठ आणि शब्द जुळलेले दिसले. मर्यादा दोन. वेगळा प्लेअर असेल तर त्यावर चाललेलंच ऐकू येतं, शेजारच्या एचडीएमआयला लावलेला बॉक्स नाही. आणि हेडफोन लावल्यावर रिमोटचे सेल फार लवकर संपतात, म्हणून ती चार्ज होणारे सेल वापरते.

पुढचं काम दोघांनी एकत्र ऐकण्याचं. साध्या वाय-स्प्लिटरवर ३२ ओहमचे दोन हेडफोन मिळून टीव्हीला १६ ओहम दिसतात, आणि दोघांची संवेदनशीलता वेगळी असेल तर एकाला मोठा, दुसऱ्याला बारीक आवाज येतो. आईचा आवाज वेगळा वाढवता यावा म्हणून टीव्हीच्या सॉकेटपुढे दोन स्वतंत्र बटणांचा अँप्लिफायर लावून बघतो आहे. माझ्या ५ मीटरच्या वायरीवर त्याची घरघर येते का, हे तपासायचं बाकी आहे.