चढावर सुटलेली ट्रॉली

मोटार अपघाताच्या दाव्यात उलटतपासणीचं एखादं उत्तर किती रुपयांचं असतं, हे मी एका दुपारी प्रत्यक्ष पाहिलं. साल २०२०, लॉकडाउन लागायच्या थोडं आधी. मी अर्जदारांची वकील होते आणि साक्षीदार आमचाच होता.

ऊसतोडणीच्या दिवसांतली रात्र. भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढ चढत होता. मागची ट्रॉली सुटली, उताराने मागे आली आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवर चढली. चालवणारा ३४ वर्षांचा तरुण जागीच गेला. मधे बसलेल्या त्याच्या चुलतभावाचा पाय चिरडला. तिसऱ्याने बाजूला उडी मारली, त्याला खरचटण्यावर निभावलं. मृताची पत्नी, दोन मुलं आणि आई यांचा एक दावा आणि चुलतभावाचा दुसरा असे दोन्ही दावे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली एकत्र चालले.

या कलमाखाली समोरच्याचा निष्काळजीपणा अर्जदाराने सिद्ध करायचा असतो. आमची अडचण तिथेच होती. ट्रॉली का सुटली हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. मागच्या माणसांना अंधारात उसाचा ढीग अंगावर येताना दिसला, एवढंच. जोडणीची पिन कुणी बसवली, ती निसटू नये म्हणून खाली लावायची क्लिप होती की नव्हती, हे फक्त ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक.

अशा वेळी कामाला येतं ते 'रेस इप्सा लोक्विटर', म्हणजे घटनाच बोलते. १८६३ साली इंग्लंडमध्ये दुकानाच्या वरच्या मजल्यावरून पिठाचं पिंप रस्त्यावरच्या माणसावर पडलं, त्या खटल्यापासून हे तत्त्व रुळलं. आपल्याकडे आधार घ्यायचा तो पुष्पाबाई उदेशी प्रकरणाचा. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली मोटार झाडावर आदळली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं की अपघाताचं कारण फक्त प्रतिवादीलाच माहीत असेल, तर ते सिद्ध करण्याचा सगळा भार पीडितावर टाकणं अन्यायाचं होईल. पण त्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: वस्तू प्रतिवादीच्या ताब्यात होती, आणि नीट काळजी घेतली असती तर एरवी असं घडत नाही. जोडलेली ट्रॉली आपणहून सुटत नाही, आणि ती ट्रॅक्टरवाल्याशिवाय कुणाच्याच ताब्यात नव्हती.

एक गैरसमज नव्या वकिलांमध्येही दिसतो. हे तत्त्व लागू झालं म्हणजे दावा जिंकला, असं नसतं. समोरचा स्पष्टीकरण देऊ शकतो. पिन नवी होती, निघताना तपासली होती, धातूत बाहेरून न दिसणारी चीर होती, असं त्याने पुराव्याने दाखवलं तर आपल्या बाजूचं अनुमान गळून पडतं. लेखी कैफियतीत बचाव तोच होता, की पिन अचानक तुटली. मात्र घटनास्थळाच्या पंचनाम्यात पिन अखंड, रस्त्यावर पडलेली नोंदवली होती आणि क्लिपेच्या जागी तारेचा तुकडा होता. चालक साक्षीला पिंजऱ्यात आलाच नाही. फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला होता, त्यावर विमा कंपनीच्या वकिलांनी भर दिला. पण फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, इथे शक्यतांचं पारडं कुठे झुकतं तेवढं पाहतात. न्यायाधिकरणाने ट्रॅक्टरचालकाचा निष्काळजीपणा मान्य केला.

आता उरला मृताचा स्वतःचा दोष, म्हणजे काँट्रिब्युटरी निग्लिजन्स. घटना बोलते ती ट्रॅक्टरवाल्याबद्दल. मोटारसायकलवाला कसा चालवत होता याबद्दल ती काही सांगत नाही. तो दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तो उगारणाऱ्याची. विमा कंपनीने निम्मी रक्कम कापा म्हटलं आणि तीन मुद्दे मांडले.

पहिला हेल्मेट. शवविच्छेदनात छाती आणि ओटीपोट चिरडलेलं, डोक्याला जखम नाही. हेल्मेट असतं तरी तो वाचला नसता, म्हणून मुद्दा संपला. दुसरा ट्रिपल सीट. २०२० च्या जानेवारीत मोहम्मद सिद्दीक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की तिघं बसणं हा वाहतुकीचा गुन्हा असेल, पण त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली असं दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. इथे तसं काहीच नव्हतं.

तिसरा मुद्दा अंतराचा, आणि त्यावर त्यांच्याकडे पुरावा नव्हता. तो दिला आमच्या साक्षीदाराने. कुबडी टेकून उभ्या असलेल्या चुलतभावाला विचारलं, ट्रॉली पुढे किती अंतरावर होती? तो थोडा थांबला आणि म्हणाला, "दहा-बारा फूट असेल, साहेब. ओव्हरटेकला जागा मिळत नव्हती, म्हणून मागंच लागून होतो." मी त्याला काही पढवलं नव्हतं आणि पढवलंही नसतं. त्याच्या वहिनी मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या क्षणी त्यांना त्या उत्तराचा अर्थ कळला नाही. मला कळला.

मी युक्तिवाद केला की चढावर मागे येणारी भरलेली ट्रॉली चाळीस फुटांवरच्या माणसालाही गाठतेच. न्यायाधिकरणाचं म्हणणं, गाठली असती, पण बाजूला घ्यायला क्षणभर मिळाला असता. तिसऱ्याने उडी मारून जीव वाचवला, तेही त्याच क्षणभरात. मुख्य कारण ट्रॉली सुटणं हेच, म्हणून मृताचा दोष दहा टक्के धरला.

त्याचा हिशेब असा. उत्पन्न महिना १२,००० रुपये सिद्ध झालं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातली वाढ ४० टक्के, म्हणजे १६,८००. चार अवलंबित, म्हणून स्वतःच्या खर्चासाठी एक चतुर्थांश वजा, राहिले १२,६००. वर्षाचे १,५१,२००, आणि वय ३४ म्हणून सोळाने गुणून २४,१९,२००. सहवासाची हानी, अंत्यविधी आणि इस्टेटीचं नुकसान धरून आणखी १,९०,०००. एकूण २६,०९,२००. दहा टक्के गेले २,६०,९२०. निम्मा दोष मान्य झाला असता तर तेरा लाखांहून अधिक गेले असते.

चुलतभावाच्या रकमेतून मात्र एक पैसाही कापला नाही. तो चालवत नव्हता. त्याच्या दृष्टीने दोन चालकांच्या चुकीतून इजा झाली आणि अशा वेळी तो पूर्ण भरपाई कोणाही एकाकडून वसूल करू शकतो; सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खेन्येई प्रकरणात हे पक्कं केलं आहे. मृताचा दोष मृताच्या वारसांना लागतो, मागे बसलेल्याला नाही.

निकालानंतर मृताच्या पत्नी कॉरिडॉरमध्ये आल्या. "मॅडम, भाऊजींच्या बोलण्यानं आमचे पैसे गेले ना?" मी हो म्हटलं. त्या उत्तराशिवाय अंतराचा पुरावाच नव्हता, हे खोटं बोलून लपवण्यासारखं नव्हतं. दहा टक्क्यांविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करता येईल, पण मग विमा कंपनीही टक्का वाढवून मागेल आणि आपल्याच साक्षीदाराचं उत्तर पुन्हा वाचलं जाईल, असंही सांगितलं. त्यांनी दिराकडे पाहिलं. "त्याला परत उभं करायचं नाही," म्हणाल्या. अपील झालं नाही.