माझा अनुभव: पाच बांगडे आणि n − 1

प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी पेडण्याच्या बाजारातून बांगडे घेऊन त्यांची लांबी मोजत होते. दर फेरीला पाच मासे, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. मोजणं, नोंदी, टायपिंग, बाइंडिंग सगळं सुरळीत झालं. अहवाल अडकला तो एका रकान्यावर. दोनदा परत आला, तेही जूनमध्ये. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे पुन्हा मोजायची सोयच नाही. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

रकाना प्रमाण विचलनाचा. पहिल्या फेरीचे मासे १९, २१, २०, २३ आणि २२ सेंटिमीटर, सरासरी २१. प्रत्येक मासा सरासरीपासून किती दूर आहे ते काढलं: −२, ०, −१, २, १. यांची बेरीज शून्यच येते, म्हणून वर्ग करायचे: ४, ०, १, ४, १, बेरीज १०. मी पाचाने भागलं. व्हेरियन्स २ आला, पण तो चौरस सेंटिमीटरमध्ये. वर्गमूळ घेतल्यावर पुन्हा सेंटिमीटर मिळतात: १.४१. मासे सरासरीभोवती साधारण किती पसरले आहेत, ते हा आकडा सांगतो.

अहवाल परत आला तो लाल शाईत ‘n − 1’ एवढंच लिहून. n म्हणजे मोजलेल्या माशांची संख्या, इथे पाच. का, असं विचारलं तर उत्तर मिळालं, “नियम आहे.” मी चाराने भागलं, व्हेरियन्स २.५ आणि विचलन १.५८ आलं. पुन्हा परत: ‘कारण द्या’. पाठ्यपुस्तकातलं वाक्य डोळ्यांसमोर होतं: चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो, कारण बेरीज शून्य, म्हणून मोकळे फरक चारच. वाक्य खरं आहे, पण त्यामुळे चारानेच का भागायचं हे मला पटेना. न पटलेलं लिहायचं नव्हतं. आठ दिवस तिथेच गेले.

सुटका केली शेजारच्या निवृत्त मास्तरांनी. त्यांनी वही बघून एकच प्रश्न विचारला, “बाय, ही २१ कुठून आणलीस?”

ह्याच पाच माशांतून! समुद्रातल्या बांगड्यांची खरी सरासरी मला ठाऊकच नव्हती. मास्तर म्हणाले, समज ती २० आहे, आता फरक काढ. −१, १, ०, ३, २. वर्गांची बेरीज १५. माझी आली होती १०. पाच माशांची स्वतःची सरासरी त्यांच्या अगदी मधोमध बसते, तिथून वर्गांची बेरीज सर्वांत लहान येते. दुसरा कुठलाही आकडा धरा, बेरीज वाढणारच. म्हणजे नमुन्याच्या सरासरीपासून मोजलं की पसारा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. इथली तूट ५, म्हणजे मासे पाच गुणिले सरासरीतल्या चुकीचा, १ चा, वर्ग.

ही तूट दर नमुन्याला वेगळी असते. पण पाच माशांच्या सरासरीतल्या चुकीचा वर्ग सरासरीने खऱ्या व्हेरियन्सच्या पाचव्या हिश्शाएवढा असतो. पाच माशांचे पाच हिस्से, म्हणजे नेमका एक पूर्ण व्हेरियन्स गळतो. पाचांतून एक गेला, उरले चार. म्हणून भागायचं चाराने.

तरी मी घरी चिठ्ठ्यांवर पडताळलं. १८, २०, २२ अशा तीनच चिठ्ठ्या. सगळ्याच हाताशी, म्हणून इथे तीनाने भागायचं: व्हेरियन्स ८/३. मग एक चिठ्ठी उचलून परत ठेवायची आणि दुसऱ्यांदा उचलायची. अशा नऊ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत तिच्या स्वतःच्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज काढली, नऊंची मिळून २४ आली, सरासरी २४/९, म्हणजे ८/३. दोनाने भागलं तर निम्मंच हाती येतं, एकाने भागलं तर नेमका खरा व्हेरियन्स. त्या रात्री जेवणसुद्धा गोड लागलं.

स्प्रेडशीट वापरणाऱ्यांनी लक्ष द्यावं: `STDEV.P` n ने भागतं, `STDEV.S` n − 1 ने. माझी मूळ चूक तिथेच होती. पाच माशांवर विचलनात जवळजवळ १२ टक्के फरक पडतो, शंभरांवर अर्धा टक्का.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. विक्रेतीने मोठे मासे पाटीत वर रचले असतील आणि तुम्ही वरचेच पाच उचलले, तर n − 1 काही वाचवू शकत नाही. ही दुरुस्ती सरसकट, न निवडता घेतलेल्या माशांसाठीच आहे. तीही व्हेरियन्स सरासरीने बरोबर आणते. वर्गमूळ घेतल्यावर विचलन किंचित कमीच राहतं.

तिसऱ्या वेळी १० आणि १५ ची ती दोन गणितं शेजारी शेजारी मांडून जोडली. अहवाल त्याच दुपारी स्वीकारला गेला.