लेकीच्या निबंधावरचे ६८ टक्के

मंगळवारी दुपारी शाळेतून ईमेल आला. तुमच्या मुलीच्या इतिहासाच्या निबंधाचा ६८ टक्के भाग एआयनं लिहिलेला असावा, असं आमच्या तपासणीच्या सॉफ्टवेअरनं दाखवलं आहे. गुरुवारी भेटायला या. एवढंच. सोबत निबंधाची प्रत, आणि तिच्यात बरीच वाक्यं रंगवलेली.

लेक नववीत आहे. न्यू जर्सीत येऊन आम्हाला तीन वर्षं झाली. त्याआधी ती पुण्यात सेमी-इंग्रजीत होती, म्हणजे इतिहास मराठीत शिकत होती. ती घरी आली तेव्हा मी दारातच विचारलं, ‘खरं सांग, कुठून उतरवलंस?’ ती म्हणाली, ‘आई, मी लिहिलंय.’ आणि खोलीत निघून गेली. तो प्रश्न मी तसा विचारायला नको होता. आधी ६८ टक्के म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं होतं, ते मी त्या रात्री केलं. गावाकडून दोन मैत्रिणींनीही आपल्या मुलांच्या बाबतीत हेच विचारलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, हा आकडा ‘कॉपी केल्याची शक्यता ६८ टक्के’ असा नव्हता. आमच्या शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा अर्थ होता, निबंधातल्या इतक्या मजकुराची धाटणी यंत्राच्या लिखाणासारखी वाटते. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये तसाच आकडा संपूर्ण लेख यंत्राचा असण्याची शक्यता सांगतो. त्यामुळे शाळेला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा नेमकं काय मोजतो. आणखी एक फरक आहे. जुनं चोरी पकडणारं सॉफ्टवेअर मूळ पान समोर ठेवतं, हे वाक्य इथून घेतलं असं दाखवतं. इथं समोर ठेवायला मूळ काहीच नसतं. असतो तो फक्त अंदाज, आणि तोही मजकुराबद्दल. मुलीनं काय केलं, हे त्यानं पाहिलेलं नसतं.

अंदाज कशावरून बांधतात? समजा मी म्हटलं, ‘पावसाळ्यात रस्त्यावर पाणी...’, तर पुढचा शब्द तुम्ही सांगाल: ‘साचतं’. मी जर म्हटलं, ‘पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी मुक्कामाला येतं’, तर ‘मुक्कामाला’ तुमच्या डोक्यात आला नसता. एआय बहुतेक वेळा ओघात येणारा शब्द निवडतं. म्हणून ज्या मजकुरात पुढचा शब्द सहज ओळखता येतो आणि वाक्यंही साधारण एका लांबीची असतात, तो यंत्राचा असावा, असा या तपासणीचा मूळ आधार. आता बरीच सॉफ्टवेअर माणसांच्या आणि यंत्राच्या लिखाणाचे ढीगभर नमुने दाखवून शिकवलेली असतात, पण त्यांचं लक्ष धाटणीवरच असतं.

आता आमच्या निबंधातली रंगवलेली वाक्यं बघा. विषय होता न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला लागलेली आग. पूर्ण रंगलेला परिच्छेद होता घटनेचा: २५ मार्च १९११ रोजी आग लागली, कारखाना इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता, १४६ कामगार दगावले, त्यात बहुतेक तरुण स्थलांतरित मुली होत्या. मला सांगा, हे वेगळ्या शब्दांत कोण लिहील? जिथं निवडीला वावच नाही, तिथं सगळ्यांचं लिखाण सारखंच होणार. प्रस्तावना आणि समारोपही रंगला होता. ते वाचताना मला पुण्यातल्या क्लासची वही आठवली. सुरुवात अशी, तीन मुद्दे, मग ‘इन कन्क्लूजन’, आणि पाठ केलेली जोडवाक्यं. तिथं याच लिखाणाला पैकीच्या पैकी गुण मिळायचे. शिकून आलेली भाषा माणूस जपून वापरतो, जिची खात्री आहे तीच रचना पुन्हा पुन्हा घेतो.

हे केवळ माझं मन सांगत नव्हतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली अशी सात सॉफ्टवेअर तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, अशांचे टोफेल परीक्षेतले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे माणसांचे म्हणून बरोबर ओळखले गेले. मग त्याच टोफेल निबंधांतले शब्द चॅटजीपीटीकडून समृद्ध करून घेतले, तेव्हा चुकीचे शिक्के झपाट्यानं कमी झाले. म्हणजे प्रामाणिकपणे साधं लिहिणारा अडकला आणि यंत्राची मदत घेतलेला सुटला. त्यानंतर सॉफ्टवेअर बदलली आहेत, कंपन्या सुधारणा झाल्याचं सांगतात. पण तीन वर्षांपूर्वी मराठीतून इतिहास लिहिणाऱ्या मुलीचा आकडा वाचताना हा अभ्यास डोळ्याआड करता येत नाही.

चूक किती थोडी असली म्हणजे चालते, हेही मोजून बघावं. व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडची अशी तपासणी बंद केली, तेव्हा त्यांनी साधा हिशोब मांडला होता. एका वर्षात ७५,००० लेख तपासायला गेले होते. सॉफ्टवेअर शंभरात एकदाच चुकतं असं धरलं, तरी ७५० लेखांवर खोटा ठपका आला असता. शाळेच्या मापात सांगते, आकडे धरून चाललेले आहेत. हजार निबंधांपैकी पन्नास मुलांनी खरंच एआयकडून लिहून घेतले आणि सॉफ्टवेअरनं त्यातले चाळीस पकडले. उरलेल्या साडेनऊशे प्रामाणिक मुलांत शंभरात एक या दरानं नऊ-दहा जण अडकले. शिक्षकांसमोर पन्नासेक नावं आली आणि त्यांत दर पाचांत एक जण निर्दोष. ही झाली शंभरात एक चूक धरून. आमच्या लेकीसारख्या मुलांसाठी ती जास्त असेल, तर हिशोब आणखी बिघडतो. ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं, त्या ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं ओळखयंत्र काढलं. त्यांच्याच चाचणीत त्यानं यंत्राचा जेमतेम २६ टक्के मजकूर पकडला आणि माणसांचा ९ टक्के मजकूर चुकून यंत्राचा ठरवला. जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं.

तरीही हे सगळं मिळून आमच्या लेकीनं स्वतः लिहिलं, असं सिद्ध होत नाही. सॉफ्टवेअर चुकू शकतं म्हणजे या वेळी चुकलंच असं नाही. मला ते माहीत करून घ्यायचं होतं. त्यासाठी बघायला हवा होता निबंध कसा घडत गेला तो.

बुधवारी रात्री मी तिच्याशेजारी बसले. आधी माफी मागितली. मग तिनं गूगल डॉक्समध्ये निबंध उघडला आणि File, मग Version history, मग See version history असं गेली. उजवीकडे तारखा आणि वेळा आल्या. प्रत्येक तारखेवर टिचकी मारली की त्या वेळी घातलेले शब्द रंगात दिसतात आणि खोडलेल्यांवर आडवी रेघ. पाच वेगवेगळ्या संध्याकाळी लिहिलं होतं. पहिल्या दिवशी नुसते तुटक मुद्दे, त्यात एके ठिकाणी मराठीत ‘दारं बंद का?’ असं. दुसऱ्या दिवशी घटनेचा परिच्छेद, वाक्य-वाक्य करत. स्पेलिंगच्या चुका पुढच्या नोंदीत सुधारलेल्या.

तिसऱ्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला. अख्खा परिच्छेद एकदम आलेला, म्हणजे कुठून तरी चिकटवलेला. तिनं फोन काढून दाखवला. बसमध्ये नोट्सवर लिहिला होता, तारखेसकट तिथं होता. आणि चौथ्या दिवशी समारोपाची दोन वाक्यं पूर्ण बदललेली. ती व्याकरण सुधारणाऱ्या एका ॲपनं नव्यानं लिहून दिली होती आणि तिनं ‘स्वीकारा’ दाबलं होतं. ‘यात पण चूक आहे का गं?’ तिनं विचारलं. आम्ही वर्गाचे लेखी नियम काढले. स्पेलिंग आणि व्याकरण तपासायला परवानगी होती, वाक्यं नव्यानं लिहून घ्यायला नव्हती. म्हणजे दोन वाक्यांपुरती चूक होती. आम्ही ठरवलं, हे आपणच आधी सांगायचं.

दोन गोष्टी आम्ही केल्या नाहीत. तोच निबंध फुकटच्या पाच संकेतस्थळांवर घालून कमी आकडा शोधला नाही; त्यातून फक्त पाच वेगळे आकडे येतात आणि आपला हट्ट तेवढा दिसतो. आणि मजकूर ‘माणसाचा’ करून देणारी सॉफ्टवेअर तर अजिबात नाहीत. तिथं गेलं की जे केलं नाही तेही केल्यासारखं होतं.

गुरुवारी शिक्षिका आणि समुपदेशक होत्या. आम्ही नोंदी दाखवल्या, ॲपची दोन वाक्यं सांगितली. शिक्षिकांनी रास्त शंका काढली, की एखादा मुलगा पडद्यावर एआयचा मजकूर ठेवून हातानं टंकू शकतो. खरं आहे. पण तसं उतरवताना सहसा सरळ वरून खाली लिहिलं जातं, इथं मधली वाक्यं तीन-तीनदा हललेली होती. मग त्यांनी लेकीलाच विचारलं, कारखान्याची दारं बंद का होती? ती म्हणाली, चोरी होऊ नये आणि बायका मध्येच बाहेर जाऊ नयेत म्हणून. अग्निशमनच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या आणि आग आठव्या मजल्यावर सुरू झाली होती, हेही सांगितलं. मालक डिसेंबरमध्ये निर्दोष सुटले, हे सांगताना तिचा आवाज चढला. दहा मिनिटांत शिक्षिकांनी फाइल मिटली. दोन वाक्यं पुन्हा लिहायला सांगितली आणि ठपका नोंदला जाणार नाही, असं म्हणाल्या. मी ते ईमेलवर लेखी मागितलं. शुक्रवारी आलं.

बुधवारी रात्रीची एक गोष्ट राहिली. पाचव्या दिवसाच्या नोंदीत एक खोडलेलं वाक्य होतं. ती इमारत अजून उभी आहे, भिंतीवर मृतांच्या नावांचं स्मारक आहे, आम्ही गेल्या वर्षी बघायला गेलो होतो. तिनं इंग्रजीत लिहिलं होतं: आई नावं वाचत होती, तेव्हा मी खाली उभी राहून नवव्या मजल्यापर्यंत खिडक्या मोजल्या. निबंधात ‘मी’ येऊ द्यायचा नाही, असं पुण्यात शिकवलं होतं, म्हणून काढून टाकलं, असं ती म्हणाली. सगळ्या निबंधात कुणालाही आधी ओळखता न येणारं तेवढं एक वाक्य होतं. तिनं ते अजून परत घातलेलं नाही. मीही घाल म्हटलेलं नाही.