हिरव्या पिना आणि आमचं मालवणातलं दुकान

२०१२ साली मालवणात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा रोज दोन-तीन फोन तरी चार्जिंग जॅकसाठी यायचे. भिंगातून पाहिलं की पिनांवर हिरवी पूड. जॅक बदलून द्यायचो आणि चार महिन्यांनी तोच फोन पुन्हा काउंटरवर. खाऱ्या हवेला कोण काय करणार, अशी गिऱ्हाइकाची समजूत काढायचो. ती चूक कळायला दोन पावसाळे गेले.

काढलेले जॅक मी एका डब्यात टाकत असे. एकदा सगळे ओळीने मांडले. मायक्रो यूएसबीच्या पाच पिनांपैकी बहुतेकांत कडेची एकच पिन खाल्लेली, पाच व्होल्ट येतात ती. हवा तर पाचही पिनांना सारखीच लागते! म्हणजे खरा घात दमट जॅकला वायर लावल्यावर होतो. ओलाव्यात मीठ विरघळतं, त्यातून वीज वाहते आणि धन बाजूच्या पिनेतलं तांबं सुटू लागतं. पिनेवरचा सोन्याचा मुलामा झिजला की कल्हई उडालेल्या पितळी भांड्यातलं ताक कळकावं, तसं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर एक तांडेल टाइप-सीचा फोन घेऊन आले. “एका बाजूने वायर लावली तर चार्ज होतो, उलटी लावली की नाही.” पाच व्होल्टच्या पिनेला लागूनच वायर ओळखणारी पिन असते. त्या दोघींच्या मध्ये हिरवं साचलं होतं. फोन बंद केला, मागचं झाकण उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. मऊ ब्रश डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओलावून पिना पुसल्या, कारण मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा साफ करून फोन रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवला. सकाळी दोन्ही बाजूंनी चार्ज झाला. पिनेला काळा खड्डा पडला असता, तर मात्र जॅकच बदलावा लागला असता. वायरचं टोकही हिरवं होतं. ती वायर टाकायला लावली, नाहीतर तीच घाण पुन्हा जॅकमध्ये गेली असती.

घरी करायचं तर फोन बंद करून, वायर काढून, कोरड्या मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडा, एवढंच. लिंबू-व्हिनेगरने हिरवं जातं, पण आम्ल पत्र्याखाली मुरून राहतं आणि खात बसतं. टाचणी किंवा पॉलिश पेपर लावला, तर उरलेला मुलामाही जातो. जॅक गरम लागला, जळका वास आला किंवा स्क्रीनवर ओलाव्याची सूचना दिसली, तर चार्जिंगला लावूच नका.

साफसफाईचे आम्ही जॅक बदलण्याच्या निम्म्याहून कमी पैसे घेतो. त्यामुळे जॅकचा धंदा घटला, पण परत येणारे फोनही घटले. ते तांडेल आता होडीवर चार्जिंग करत नाहीत; घरी आल्यावर फोन तासभर कोरड्या जागी ठेवतात आणि मगच वायर लावतात.