चेहरा श्वास घेत होता

पाठलागाच्या दृश्यातला साडेसहा सेकंदांचा शॉट आमच्याकडे आला होता. २४ फ्रेमच्या हिशोबाने १५६ फ्रेम. स्कूटर चालवणारा स्टंट डबल, ओरडत गर्दीतून वाट काढतोय, आणि त्याच्या जागी नायकाचा चेहरा हवा होता. नायक आणि डबल या दोघांची लेखी संमती फाइलला लावलेली होती.

एकेक फ्रेम थांबवून पाहिली तर प्रत्येक फ्रेम ठीक होती. प्ले केलं की मात्र बिघडायचं. कॉम्पझिटर मुलगी म्हणाली, "सर, चेहरा श्वास घेतोय." वर्णन अचूक होतं. चेहरा जागेवरून हलत नव्हता, किंचित फुगत आणि आकसत होता.

अशा वेळी तयार व्हिडिओवर डी-फ्लिकर लावण्याचा मोह होतो. त्याने लुकलुक थोडी झाकली जाते, पण कातडीचा पोतही पुसला जातो. आधी दोष कुठल्या टप्प्यावर जन्मतो ते शोधावं. पद्धत सोपी आहे. चेहरा बदलणारं मॉडेल चालण्याआधी प्रोग्राम प्रत्येक फ्रेममधला चेहरा सरळ करून चौकोनात कापतो, हीच जुळणी. मूळ डबलचे हेच कापलेले चौकोन एकापाठोपाठ लावून व्हिडिओ बनवायचा. तोच थरथरत असेल तर दोष जुळणीत आहे, मॉडेलला हात लावायचं कारण नाही. तो स्थिर असेल, पण बदललेल्या चेहऱ्यांचे चौकोन लुकलुकत असतील, तर मॉडेल किंवा त्यानंतरचं शार्पनिंग तपासायचं. दोन्ही स्थिर असतील तर उरतात मास्क आणि रंग.

आमचे मूळ चौकोनच श्वास घेत होते. जुळणी पाच बिंदूंवर चालत होती: दोन डोळे, नाकाचं टोक, ओठांचे दोन कोपरे. डबल ओरडला की ओठांचे कोपरे सरकायचे. प्रोग्रामला वाटायचं की डोक्याचाच आकार बदलला, आणि त्या हिशोबाने तो चौकोन लहानमोठा करायचा. शिवाय चौकोन १२८ पिक्सेलचा, आणि पडद्यावर तो पसरत होता जवळपास ३८० पिक्सेलवर. म्हणजे चौकोनातली एका पिक्सेलची चूक चित्रात तीन पिक्सेलची होते. हे डोळ्याला लगेच दिसतं.

बिंदू थेट गुळगुळीत केले तर दुसरीच पंचाईत होते. मान झटक्यात वळली की चेहरा मागे राहतो आणि डोक्यावरून घसरल्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक फ्रेमच्या जुळणीतून आकार, कोन आणि केंद्र वेगळे काढले. डोक्याचा पडद्यावरचा आकार सहसा सावकाश बदलतो, त्यामुळे त्यावर गाळणी मोठी लावता येते. केंद्र झपाट्याने हलतं, तिथे गाळणी लहानच ठेवावी लागते.

```python
log_s = savgol_filter(np.log(s), 15, 2)
theta = savgol_filter(np.unwrap(theta), 9, 2)
cx = savgol_filter(cx, 5, 2)
cy = savgol_filter(cy, 5, 2)
```

इथलं केंद्र म्हणजे चेहऱ्याचं केंद्र. जुळणीच्या मॅट्रिक्समधले सरकवण्याचे आकडे तसेच उचलले तर त्यांच्यात आकार आणि कोन मिसळलेले असतात, आणि ते वेगळे गुळगुळीत केल्यावर नवीच थरथर येते. गाळणी शॉटच्या कटपलीकडे जाऊ द्यायची नाही, हेही आलंच.

श्वास थांबला. मग आतापर्यंत त्याच्याआड लपलेली गोष्ट दिसली. डबलचा हातमोजा चेहऱ्यासमोरून जाताना गाल क्षणभर काळवंडायचा. रंगजुळणी दर फ्रेमला पूर्ण चौकोनाची सरासरी घेत होती, आणि काळा मोजा आत आला की सरासरी खाली जायची. सरासरी फक्त कपाळ आणि गालांच्या कातडीवरून घेतली, मोज्याचा भाग रोटो मास्कने वगळला, आणि तोच मास्क बोटं चेहऱ्याच्या पुढे ठेवायलाही कामी आला. रंगाचे आकडे पाच फ्रेमपेक्षा जास्त लांबवर गुळगुळीत केले नाहीत, कारण झाडाची खरी सावली चेहऱ्यावर वेळेवर पडायला हवी.

शार्पनिंगचं मॉडेल प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे पाहतं आणि दात, पापण्या दर वेळी नव्याने रचतं. त्याचा वाटा ३० टक्क्यांवर आणला. चेहरा थोडा मऊ झाला. स्कूटरच्या वेगात मोशन ब्लर असतोच, त्यामुळे ते खटकलं नाही. ग्रेन सगळ्यात शेवटी, मूळ फुटेजशी जुळवून घातला.

ओळख टिकते का हे नुसत्या नजरेवर सोडू नये, कारण तासभर तोच शॉट पाहिल्यावर सगळेच चेहरे नायकाचे वाटू लागतात. चेहरे ओळखणाऱ्या ArcFace मॉडेलने प्रत्येक फ्रेमच्या चेहऱ्याचे ५१२ आकडे काढून त्यांची तुलना नायकाच्या अनेक फोटोंच्या सरासरीशी केली आणि आलेख काढला. मान पूर्ण वळते तिथे आलेख खोल गेला. पण बाजूने घेतलेल्या खऱ्या फोटोतही हा आकडा पडतो. म्हणून त्या फ्रेमची तुलना नायकाच्या बाजूच्याच फोटोंशी केली. तरीही खड्डा उरला, कारण बाजूने पाहताना बाह्यरेखा डबलच्या जबड्याचीच राहते आणि मॉडेल फक्त आतला भाग बदलतं. त्या आठ फ्रेमपुरतं मॉडेल बंद केलं, आणि नायकाच्या तशाच उजेडातल्या दुसऱ्या टेकमधला जबडा ट्रॅक करून बसवला.