तीन लेट मार्क म्हणजे नेमका किती पगार?

"तीन लेट मार्कला एक हाफ डे" हे वाक्य नियमपत्रकात मीच लिहिलं होतं, आणि पहिल्याच पगाराला ते माझ्या अंगाशी आलं. एक सहकारी पगारपत्रक घेऊन टेबलापाशी उभा राहिला. महिन्यात पाच लेट मार्क, कापलेला दीड दिवस. "मॅडम, अर्धा दिवस जायला हवा होता ना?" सिस्टिम उघडून पाहिली तर तिसऱ्यापासून पुढच्या प्रत्येक लेट मार्कला हाफ डे लागत होता: तिसरा, चौथा, पाचवा. मला म्हणायचं होतं, दर तिनामागे एक. वाक्यातून दोन्ही अर्थ निघत होते, दोष सिस्टिमचा नव्हता. त्याचा एक दिवस परत जमा केला.

मग मागच्या तीन महिन्यांची हजेरी शीटमध्ये घेतली आणि नियम त्यावर चालवून बघितला. कामाची वेळ 9:30, ग्रेस दहा मिनिटं. एकजण महिन्याचे 22 दिवस रोज 9:38 ला आला होता. एकूण उशीर 176 मिनिटं, लेट मार्क शून्य. दुसरी 19 दिवस वेळेआधी हजर, फक्त तीन दिवस 9:43. उशीर 39 मिनिटं, आणि तिचे चार तास कापलेले! ग्रेस रोज वापरली की ती सवलत राहत नाही, ऑफिसच 9:40 चं होतं.

ग्रेस वाढवून पंधरा करा, असं काहींचं म्हणणं होतं. त्यानं सगळे 9:44 ला आले असते, एवढंच. मी दहाच ठेवली, पण महिन्यातून पाच वेळा. सहाव्या वेळेपासून 9:30 नंतर येणं म्हणजे लेट मार्क. हाफ डेसाठी मात्र दोन अटी एकत्र घातल्या: किमान तीन लेट मार्क, आणि त्या दिवसांचा 9:30 पासून मोजलेला उशीर मिळून 120 मिनिटं. हाफ डे लागला की दोन्ही मोजणी पुन्हा शून्यापासून. जुन्या हजेरीवर चालवलं तेव्हा 9:38 वाल्याचे 17 लेट मार्क, 136 मिनिटं, एक हाफ डे झाला. 9:43 वालीचं काहीच कापलं गेलं नाही.

यातही फट आहेच. बारा मिनिटं उशिरा नऊ वेळा येणारा 108 वर सुटतो. साहेबांना ते खटकलं. त्याच्याशी त्याच्या वरिष्ठानं बोलावं, पगारानं नाही, असं मी म्हटलं आणि त्यांनी जरा नाखुशीनंच मान्य केलं.

दोन तासांहून जास्त उशीर झाला तर थेट हाफ डे लागतो. त्या दिवसाचा लेट मार्क वेगळा धरायचा नाही, नाहीतर एकाच उशिराची दोनदा शिक्षा होते. मशीन सेकंदही नोंदवतं, म्हणून 9:40:35 ला 9:40 च धरायचं, हेही आता पत्रकात लिहिलं आहे.