दर्या की दऱ्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

मी बेळगावात एका छापखान्यात मराठी प्रूफं बघतो. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, पुण्यतिथीची कार्डं, अधूनमधून एखादा कवितासंग्रह. बाहेरच्यांना वाटतं प्रूफ बघणं म्हणजे ऱ्हस्वदीर्घ. खरं काम असतं ते समोरच्या माणसाला नेमकं काय लिहायचं होतं ते शोधण्याचं, कारण हल्ली मूळ कागद येतच नाही, येतो तो फोनमधला स्क्रीनशॉट, तोही चार जणांकडून फिरून आलेला.

तर एक बाई आल्या, खानापूरकडच्या. वडलांचं वर्षश्राद्ध होतं, कार्डावर त्यांची कविता घालायची होती. वडील उमेदीत मुरगाव बंदरावर कामाला होते, नंतर कणकुंबीच्या बाजूला घाटातल्या रस्त्याच्या गँगवर. कवितांची वही 2019च्या पुरात भिजून गेली, त्याआधी भाच्यानं एक कविता फोनवर टाईप करून घरच्या ग्रुपवर टाकली होती, तेवढीच राहिली. बाई म्हणाल्या, "सर, बाबा म्हणायचे ही चालीवर बसवलीय. खाली वृत्ताचं नाव घालूया की ओ."

बहुतेक लोक वृत्ताचं नाव नुसतं शोभेला मागतात. ह्या बाईंना खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून मी बसलो. कविता तीन कडव्यांची, त्यातलं पहिलं स्क्रीनशॉटमध्ये असं होतं:

घाटात येती ढग पावसाचे
कवाड वाजे तुझ्या घराचे
दर्या उशाला, पण झोप नाही
वार्यात आई तव हाक राही

माझी पद्धत अशी, की स्क्रीनवर बघून वृत्त ओळखायचं नाही. जुन्या प्रूफाच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं एकेक अक्षर सुटं लिहायचं, मध्ये उभी रेघ, आणि डोक्यावर लघु असेल तर ल, गुरू असेल तर गा. अर्थाकडे बघायचं नाही, कारण अर्थ कळला की कान आपोआप बोलल्यासारखं वाचतो आणि तिथंच घोटाळा होतो. पहिल्या ओळीतलं 'ढग' बघा. आपण बोलताना 'ढग्' म्हणतो, एकच झटका. 'पावसाचे' मधला व तर जवळजवळ गिळतोच. पण अक्षरगणवृत्तात कागदावर जे अक्षर पूर्ण आहे ते पूर्ण मोजायचं, त्यामुळं ढ एक लघु, ग दुसरा लघु, आणि व पण लघु. मग ओळ अशी निघते: घा टा त, ये ती ढ, ग पा व, सा चे. म्हणजे गागाल गागाल लगाल गागा. अकरा अक्षरं, त त ज आणि शेवटी दोन गुरू. हे सरळ इंद्रवज्रा.

एका ओळीवरून नाव द्यायचं नसतं. दुसरी ओळ घेतली आणि अडलो. क वा ड वा जे तु झ्या घ रा चे, मोजली तर दहाच अक्षरं. परत मोजली, दहाच.

इथं एक सांगायला पाहिजे. शाळेत नियम शिकवतात की जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं. पोरं तेवढंच पाठ करतात आणि 'तुझ्या' मधल्या तु ला गुरू देऊन मोकळी होतात. नियमाचा अर्धा भाग कुणी सांगतच नाही, की त्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला पाहिजे. 'भक्ती' म्हणून बघा, भ वर जीभ आपटते, म्हणून भ गुरू. 'तुझ्या' म्हणून बघा, तु वर काहीच येत नाही, झ्या सरळ पुढं निघून जातो. म्हणून तु लघु. शेजारच्या टेबलावर कन्नड प्रूफं बघणाऱ्या अक्का बसतात, त्यांना दाखवलं तर त्या लगेच म्हणाल्या, आमच्यात ह्याला शिथिलद्वित्व म्हणतात, जोडाक्षर सैल उच्चारलं की मागचं अक्षर लघुच राहतं. दोन भाषांची माणसं एका खोलीत बसल्याचा हा फायदा. बाहेर पाट्यांवरून काय चालतं ते चालू दे.

तर तु लघु धरून दुसरी ओळ अशी आली: लगाल गागाल गालगागा. पहिल्या ओळीशेजारी ठेवली तर पहिली सहा अक्षरं, सुरुवातीचा लघु सोडला तर, तंतोतंत जुळतात. सहाव्याच्या पुढं 'लगालगागा' पाहिजे होतं आणि हातात 'गालगागा' होतं. म्हणजे तु आणि झ्या यांच्यामध्ये एक लघु गळलाय. हे दिसल्यावर उत्तर समोरच होतं. जुन्या वळणाच्या कवितेत 'तुझ्या' चं 'तुझिया' करतात, ती सवलत नेहमीची आहे. तु झि या, दोन लघु एक गुरू.

कवाड वाजे तुझिया घराचे. लगाल गागाल लगाल गागा. अकरा भरली. भाच्यानं टाईप करताना कीबोर्डनं रोजचा शब्द पुढं केला असणार आणि त्यानं तो घेतला असणार. बाईंना म्हणून दाखवलं तर त्यांनी तोंडावर हातच ठेवला, म्हणाल्या, "तुझिया! तसंच म्हणायचे बाबा, मी विसरलेच होते." अशा वेळी ह्या कामाचा फार अभिमान वाटतो मला. वही गेली होती, पण वृत्तानं ते अक्षर सांभाळून ठेवलं होतं.

आता वृत्ताचं नाव. पहिली ओळ गुरूनं सुरू होते, दुसरी लघुनं, बाकीची दहा अक्षरं दोन्हीत एकसारखी. गुरूनं सुरू झाली तर इंद्रवज्रा, लघुनं झाली तर उपेंद्रवज्रा, दोन्ही एकाच कवितेत मिसळले तर उपजाती. ही मिसळ चूक नव्हे, पूर्वापार चालत आलेली रीत आहे. कार्डावर 'वृत्त: उपजाती' घालायचं ठरलं, बाई खुश झाल्या, आणि मी चौथ्या ओळीकडं वळलो.

'वार्यात' असं टाईप झालं होतं. हे 'वाऱ्यात' पाहिजे हे कुणीही सांगेल. मराठीत हे दोन र वेगळे आहेत. 'सूर्य' मधला र रफार होऊन डोक्यावर चढतो, 'वाऱ्या' मधला आडव्या छोट्या रेघेसारखा य ला चिकटतो. फोनवर पहिला साध्या र ला हलन्त देऊन येतो, दुसऱ्याला खाली टिंब असलेला ऱ लागतो, आणि तो कीबोर्डवर कुठं लपलाय ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं. भाचा कन्नड माध्यमात शिकलेला, त्याचा काही दोष नाही, मराठी माध्यमातली पोरंसुद्धा हेच करतात. तर 'वाऱ्यात' केलं. वा मुळातच गुरू, त्यामुळं मोजणीत काही फरक नाही.

पेन्सिल खाली ठेवली आणि तेव्हा लक्षात आलं. भाच्याला आडवा र टाईप करता येत नसेल, तर तिसऱ्या ओळीतला 'दर्या' तरी दर्याच आहे कशावरून? तो 'दऱ्या' असू शकतो.

समुद्र की डोंगरातल्या दऱ्या. उच्चारात फरक स्पष्ट आहे. 'दर्या' मध्ये द वर आघात येतो, द गुरू. 'दऱ्या' मध्ये येत नाही, द लघु. मला वाटलं, तुझियासारखं हेही वृत्तच सांगेल. द सोडून बाकीची ओळ मांडली: र्या उ, शा ला प, ण झो प, ना ही. गाल गागाल लगाल गागा. आणि पहिलं अक्षर? गुरू घेतला तर इंद्रवज्रा, लघु घेतला तर उपेंद्रवज्रा, आणि उपजातीत दोन्ही चालतात. अकरापैकी दहा जागांवर कुठंही ही शंका आली असती तर वृत्तानं निकाल दिला असता. शंका नेमकी त्या एका जागेवर होती जिथं वृत्त दोन्ही दारं उघडी ठेवतं. वीस वर्षांत असं माझ्यासमोर कधी आलं नव्हतं.

मग बाकीचे मार्ग बघितले. तिन्ही कडव्यांच्या बारा ओळी मांडल्या, ही सोडून अकरा. सहा गुरूनं सुरू, पाच लघुनं. पुढच्या दोन कडव्यांच्या तिसऱ्या ओळी बघितल्या, एक अशी, एक तशी. व्याकरण बघितलं, ओळीत ह्या शब्दाला जोडलेलं क्रियापदच नाही, 'निजतो' की 'निजतात' असं काही असतं तर लगेच कळलं असतं. अर्थ बघितला, तर माणूस आईपासून लांब आहे आणि झोप नाही, हे मुरगावच्या बंदरावरही खरं आणि घाटातल्या रात्रीही खरं. दर्या शब्द गोव्यात राहिलेल्या माणसाच्या तोंडात असणारच. पण पहिल्याच ओळीत घाट आहे, ढग आहेत.

बाईंना म्हटलं, फोन बाजूला ठेवा आणि बाबा म्हणायचे तशी म्हणा. त्यांनी डोळे मिटून म्हटली. तिसऱ्या ओळीला द लांबवला. पण ह्या चालीत ओळीचं पहिलं अक्षर त्या प्रत्येक वेळी लांबवत होत्या, 'कवाड' मधला क सुद्धा. क तर निर्विवाद लघु. म्हणजे चालीवरूनही काही ठरत नव्हतं.

दोन्ही प्रूफं काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्या बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "दर्याच ठेवा. बंदरावरच्या दिवसांबद्दल ते लई बोलायचे." त्यांचे वडील, त्यांचा हक्क. दोनशे कार्डं छापली.

चार दिवसांनी त्यांचे काका कार्डं न्यायला आले, मृताचे सख्खे धाकटे भाऊ, सत्तरीच्या पुढचे. गठ्ठा बांधेपर्यंत मी एक कार्ड हातात दिलं. त्यांनी ते नुसतं धरलं, चष्मा खिशातच होता, आणि खालच्या आवाजात म्हणायला लागले. घाटात येती, कवाड वाजे, आणि मग, द वर अजिबात न थांबता, "दऱ्या उशाला, पण झोप नाही."

मी गठ्ठा तसाच टाकून पुढं आलो. म्हटलं, "काका, तिसरी ओळ परत एकदा म्हणा की."

त्यांना वाटलं छपाईत काही चुकलंय. घाईनं चष्मा काढला, कार्ड डोळ्यांजवळ धरलं, आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "दर्या उशाला."

"आधी तुम्ही दऱ्या म्हणाला होता," मी म्हटलं.

"असं म्हणालो काय मी?" म्हणाले, आणि परत कार्डाकडं बघितलं. "हितं तर दर्या लिवलंय की."